बोअरच्या पाण्यावरचा आरओ: एफआर बदलायचा की पंपाचं प्रेशर वाढवायचं?

सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे आरओला बोअरचं पाणी जोडणारी घरं पुष्कळ आहेत. एक हंडा शुद्ध पाण्यामागे तीन हंडे मोरीत जाताना बघवत नाही, म्हणून बहुतेक जण मेकॅनिकला एकच सांगतात, "रिजेक्ट कमी कर." तो ४५० चा एफआर काढून ३०० चा बसवतो. काम पाच मिनिटांचं, खर्चही किरकोळ. पण शुद्ध पाणी बारीक येत असेल, तर आधी आरओमधल्या पंपाचं प्रेशर मोजलेलं बरं.

एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, क्षार अडवणाऱ्या मेंब्रेनच्या रिजेक्ट नळीतला बारीक भोकाचा तुकडा. तो रिजेक्ट अडवतो म्हणून मेंब्रेनमध्ये प्रेशर तयार होतं. त्यावरचा आकडा मिनिटाला किती मिली पाणी सोडणार हे सांगतो, पण पंपाचं प्रेशर नीट असेल तरच. प्रेशर पडलं की ४५० चा एफआरसुद्धा कमी सोडतो.

जुळे सोलापुरातल्या एका घरातली उदाहरणादाखल आकडेवारी घेऊ. बोअरचा टीडीएस १२००, कठीणपणा ६०० च्या आसपास. मोजमापाचा कप आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मोजलं, तर मिनिटाला शुद्ध पाणी ८० मिली आणि रिजेक्ट ३०० मिली. म्हणजे जवळपास एकास पावणेचार. पंप आणि मेंब्रेनच्या मधल्या नळीत टी-जोड टाकून गेज लावला, तर काटा ४० पीएसआयवर.

इथे हिशेब असा. दर १०० टीडीएसला साधारण १ पीएसआय क्षारांचा ताण ओलांडण्यातच जातो. आत पाणी क्षारांनी घट्ट होत जातं, म्हणून इथे १४ धरा. ४० पैकी खरं काम करणारे उरले २६. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर बदलूनही काटा हलला नाही, तर पंप थकलाय किंवा त्याचा अडॅप्टर २४ व्होल्ट देत नाही. ते दुरुस्त करून प्रेशर ६५ वर आलं की कामाचे ५१ मिळतात. शुद्ध पाणी जवळजवळ दुप्पट, दीडशेच्या घरात. एफआर तोच ४५० चा ठेवला तर रिजेक्टही वाढून ४५० होतं, पण प्रमाण एकास तीनवर येतं. आणखी एक फायदा म्हणजे शुद्ध पाण्याचा टीडीएस उतरतो. मेंब्रेनमधून निसटणारे क्षार तेवढेच राहतात, पाणी मात्र जास्त येतं.

आता याच चांगल्या पंपावर ३०० चा एफआर लावला तर? शुद्ध १७०, रिजेक्ट ३००. १५ लिटर शुद्ध पाण्यामागे ४५ लिटरऐवजी साधारण २६ लिटर वाया जातात. बचत खरी आहे. पण बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस पंधराशे-सोळाशेवरून अठराशेवर चढतो आणि कठीणपणा आठशेवरून नऊशेच्या वर. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच मग मेंब्रेनवर बसायला लागतो. एफआरऐवजी नुसता व्हॉल्व्ह लावून एकास एक करणारेही आहेत. तिथे कठीणपणा जवळपास दुप्पट होतो, आणि कुणी व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर नळीचा एल्बो उडू शकतो. तो प्रकार मी कुणालाच सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर कठीणपणा ३०० च्या आत असेल तेव्हाच ३०० चा एफआर लावावा. सहाशेच्या बोअरला ४५०च ठेवावा आणि रिजेक्ट बादलीत धरून फरशी-संडासला वापरावं. झाडांना नको, क्षार मातीत साठतात. थर बसू न देणारं अँटिस्केलंटचं कार्ट्रिज बसवलं असेल तर थोडी सूट मिळते, पण ते वेळच्या वेळी बदललं पाहिजे.

कोणताही पर्याय घेतला तरी दर महिन्याला दोन्ही नळ्यांचं पाणी मोजा. शुद्ध आणि रिजेक्ट दोन्ही घटले, तर फिल्टर तुंबलेत किंवा पंप दमलाय. रिजेक्ट तेवढंच आणि शुद्ध घटतंय, तर मेंब्रेनवर थर बसतोय. रिजेक्ट घटलं पण शुद्ध तेवढंच किंवा किंचित जास्त, तर एफआरचं भोकच चुन्याने बारीक झालंय. हे सगळ्यात फसवं, कारण पाणी भरपूर येतंय म्हणून घरचे खूश असतात आणि मेंब्रेन आत घट्ट पाण्यात बसलेलं असतं. अशा वेळी एफआर नवा टाकायचा, साफ करत बसायचं नाही.

आकडे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखे येणार नाहीत. एप्रिल-मे मध्ये टाकीतलं पाणी तापलं की मेंब्रेन जास्त पाणी सोडतं, आणि क्षारही. तेव्हा टीडीएस थोडा चढला म्हणून लगेच मेंब्रेन बदलायची घाई करू नका. सकाळी पाणी गार असताना पुन्हा मोजा.