कार्यकारी सारांश: गोषवारा की आधी मागणी?

प्रस्तावाचा कार्यकारी सारांश लिहिण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. गोषवारा प्रस्तावाच्याच क्रमाने जातो: पार्श्वभूमी, अडचण, कामाची पद्धत आणि शेवटी खर्च. दुसऱ्या तऱ्हेत मागणी पहिल्याच वाक्यात येते आणि कारणं मागून. लिहायला गोषवारा सोपा. प्रत्येक प्रकरणातून दोन-दोन वाक्यं उचलली की पान भरतं.

पण नेमकं तिथेच माझं बिनसतं. उचललेली वाक्यं आपले धागेदोरे सोबत आणतात. ‘पर्याय ब अधिक किफायतशीर ठरतो’, ‘तपशील परिशिष्ट ३ मध्ये’. साहेबांना तेवढं एकच पान पुढे पाठवलेलं असतं, परिशिष्ट नाही. मग ‘पर्याय ब म्हणजे काय?’ असा फोन येतो, नाहीतर फाइल तशीच पडून राहते. मागणी आधी लिहायची तर उचलायला आयतं वाक्य नसतं, त्यामुळे असे संदर्भ फारसे शिरत नाहीत.

समजा, गोदामात बारकोड स्कॅनिंग आणायचं आहे. गोषवाऱ्याची सुरुवात ‘वाढत्या स्पर्धेच्या युगात’ अशी होईल. दुसऱ्या तऱ्हेत ती अशी:

‘गोदामात बारकोड स्कॅनिंगसाठी एकरकमी १२ लाख आणि दरमहा ३० हजारांच्या खर्चाला ३० तारखेपर्यंत मंजुरी हवी. महिन्याच्या ५,००० ऑर्डरींपैकी २०० चुकीच्या जातात. एक चूक निस्तरायला ९०० लागतात, म्हणजे दरमहा १ लाख ८० हजार. चुका ५० वर आल्या तर मासिक खर्च वजा जाता १ लाख ५ हजार वाचतात आणि रक्कम वर्षभरात वसूल होते. १०० वरच अडल्या तर २० महिने लागतील. तारीख हुकली तर सणाची गर्दी जुन्याच पद्धतीने काढावी लागेल.’

यात ‘७५ टक्के घट’ असं लिहिलेलं नाही, कारण कशाच्या ७५ टक्के हे वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. २० महिन्यांचं वाक्य मात्र लोक हमखास गाळतात. खरं तर त्यानेच आकड्यांवर विश्वास बसतो, असं मला वाटतं. शिवाय ‘अंदाज चुकला तर?’ या प्रश्नाचं उत्तर पानावरच मिळतं.

गोषवारा अगदीच टाकाऊ नाही. निविदेत सारांशाचा क्रमच ठरवून दिलेला असेल तर तो मोडू नये. अडचण आहे हेच समोरच्याला मान्य नसेल, तर मागणीआधी त्या २०० चुकांचं वाक्य टाकावं. एरवी मात्र मी मागणीच आधी ठेवेन.

पान सुटं काढून कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी द्या आणि दोन मिनिटांनी परत घ्या. काय मागितलं, किती, कधीपर्यंत आणि नाही म्हटलं तर काय, हे त्याला न बघता सांगता यायला हवं. तो अडखळला तर बहुधा तिथे आतल्या प्रकरणातला एखादा शब्द राहिलेला असतो. आकडे मात्र सगळ्यात शेवटी मूळ तक्त्याशी ताडून पाहा. दर बदलला की आतला तक्ता सुधारला जातो आणि सारांशातले १२ लाख तसेच राहतात.