आठ महिन्यांनंतर : ५० एचपी पंपाचा सॉफ्ट स्टार्टर, गरम मोटर आणि बायपास कॉन्टॅक्टर

नदीकाठच्या आमच्या उपसा योजनेत स्टार-डेल्टा स्टार्टर काढून व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटर चालू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला, त्याला आठ महिने झाले. पाइपलाइनला बसणारा हिसका गेला, कपलिंगचे रबर टिकू लागले. पहिले पाच महिने मी सगळ्यांना हाच घ्या म्हणून सांगत होतो.

मार्चमध्ये मोटर तापू लागली. चालू केल्यावर अर्ध्या तासात बॉडीवर हात ठेवता येईना. गंमत अशी की चालू असताना तिन्ही फेजचा करंट सारखाच, ६७-६८ अँपिअर. त्यामुळे आधी बेअरिंगवर संशय आला आणि दोन दिवस त्यातच गेले.

मग क्लॅम्प मीटर लावून सुरुवात पाहिली. आर फेज पहिल्याच क्षणी २३० अँपिअरच्या वर, बाकीचे दोन १५०च्या आसपास. म्हणजे आर फेजवर हळूहळू चढणारा रॅम्प नव्हताच. दहाव्या सेकंदाला स्टार्टरला वगळून मोटर थेट सप्लायला जोडणारा बायपास कॉन्टॅक्टर धाडकन लागला आणि करंट पुन्हा ३००च्या पुढे उसळला. मोटर तेव्हा पूर्ण वेगात आलीच नव्हती. दिवसात लाइट चार-पाचदा जायची, आणि ही उष्णता दर स्टार्टला वाइंडिंगमध्ये साठत होती. बायपास लागल्यावर तिन्ही फेज सरळ जोडले जातात, म्हणून चालू करंटात काहीच दिसत नव्हते.

वायरमन म्हणाला, "थायरिस्टर शॉर्ट झालाय, कार्ड बदला." थायरिस्टर म्हणजे स्टार्टरमधला व्होल्टेज हळूहळू सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. मी आधी मोजायचे ठरवले. मेन ब्रेकर बंद करून कुलूप लावले, मोटरच्या वायरी सोडल्या, व्होल्टेज नाही याची खात्री केली. स्टार्टरच्या इनपुट-आउटपुटमधला रेझिस्टन्स वाय आणि बी फेजवर सुमारे ४० किलोओहम, आरवर शून्य. थायरिस्टर शॉर्ट असला तर असेच दिसते. पण बायपासचा पोल त्याच्याच समांतर असतो, हे विसरून चालत नाही. बायपासच्या वायरी सोडून पुन्हा मोजले, तर आरवरही ४० किलोओहम! थायरिस्टर ठणठणीत होता. कॉइलला सप्लाय नसताना कॉन्टॅक्टरचा आर पोल मात्र शून्य ओहम दाखवत होता. उघडून पाहिले तर कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेले.

का चिकटले? पॅनेलवाल्याने बायपासची कॉइल स्टार्टरच्या 'पूर्ण वेग' रिलेवरून न घेता वेगळ्या दहा सेकंदांच्या टायमरवरून चालवली होती. हिवाळ्यात तेवढ्या वेळात मोटर वेग घ्यायची. उन्हाळ्यात स्टार्टला व्होल्टेज ३६० पर्यंत पडायचे. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ४१५च्या तुलनेत तो पाऊणच उरायचा. अर्ध्या वेगातल्या मोटरवर बायपास लागला की तिचा उसळता करंट त्या कॉन्टॅक्टवरच यायचा, आणि आमचा कॉन्टॅक्टर फक्त चालू भार वाहण्यापुरता निवडलेला होता.

नवा कॉन्टॅक्टर मोटरचा स्टार्टिंग करंट झेलणाऱ्या एसी-३ रेटिंगचा घेतला, टायमर काढून कॉइल स्टार्टरच्या रिलेवर आणली, करंट लिमिट अडीच पटीवरून साडेतीन पट केली. आता मोटर पूर्ण वेगात आल्याशिवाय बायपास लागत नाही. लागताना करंट उसळत नाही, आणि तासाभराने बॉडीवर हात टिकतो.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागून आहे. आर पोल चिकटलेला असताना स्टॉप दाबूनही मोटरच्या टर्मिनलवर एक फेज जिवंत होता, आणि बेअरिंगसाठी मी त्या दोन दिवसांत तिथेच हात घालत होतो. स्टार्टरच्या आधी मेन कॉन्टॅक्टर बसवायला मी आता पॅनेलवाल्याला सांगितले आहे.