कोऱ्या फॉर्मवर सही घेतली आणि पुरात बुडालेल्या गाडीचा क्लेम फेटाळला गेला

तळघराच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी पुराच्या पाण्यात बुडाली. गाडी बंद होती, मी गावाला होतो आणि दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ होत्या. तरीही विमा कंपनीचं पत्र आलं: "पाणी शिरल्यानंतर वाहन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिनचे नुकसान झाले. हे परिणामजन्य नुकसान असल्याने दावा नामंजूर." परिणामजन्य म्हणजे पुराने थेट न होता नंतर कुणीतरी काही केल्यामुळे झालेलं. हे वाक्य आलं कुठून, तर माझ्याच क्लेम फॉर्ममधून. आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

लिहिलं वर्कशॉपच्या क्लेम बघणाऱ्या माणसाने. गाडी टो होऊन तिथे पोचली तेव्हा त्याने 12,500 रुपये "फाइल चार्ज" म्हणून घेतले, पावती दिली नाही. क्लेम फॉर्मवर तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या, तिथे सह्या करायच्या. घटनेचं वर्णन लिहायचा चौकोन कोरा होता. मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ते आम्ही भरतो. कंपनीची भाषा वेगळी असते." त्याच्या आधी त्याने मला दोनदा विचारलं होतं, "पाणी ओसरल्यावर एकदा स्टार्टर मारून बघितला असेल ना?" मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. तिथेच, त्या दुसऱ्या प्रश्नालाच फॉर्म हातातून ओढून घ्यायला हवा होता. एकच गोष्ट तो पुन्हा का विचारतोय, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण घरात चिखल, फोन भिजलेला, मागे टोवाला पैशांसाठी उभा. अशा वेळी कोण फॉर्म वाचत बसतं? आणि हे लोक नेमकी तीच वेळ साधतात.

त्याला यात काय मिळालं, तेही सांगतो. एस्टिमेट 3,18,700 रुपयांचं होतं. त्यात इंजिनचे 2,04,000, आणि वायरिंग, गाडीचा कंप्युटर म्हणजे ईसीयू, सीट, कार्पेट, साफसफाई मिळून 1,14,700. क्लेम मंजूर झाला तर प्रत्येक पार्टवर विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरची नजर राहते आणि दर कापले जातात. क्लेम फेटाळला गेला की गिऱ्हाईक अडकतं, इंजिन उघडून पडलेलं असतं आणि वर्कशॉप म्हणेल तो रोखीचा भाव द्यावा लागतो. नकाराचं पत्र आलं, त्याच दिवशी मला सांगितलं गेलं की काम करणार नसाल तर जागेचं भाडं रोज 300 रुपये. ते 14,100 पर्यंत गेलं.

पुढचा डाव याहून निर्लज्ज. फेरविचाराचं पत्र "आतल्या माणसाकडून" लिहून देतो, 8,000 रुपये द्या, असं तोच म्हणाला. त्याने नमुना दाखवला. त्यात मी प्रामाणिक ग्राहक आहे, इतकी वर्षं हप्ते भरतोय, माणुसकीच्या दृष्टीने विचार व्हावा, एवढंच. नकाराच्या कारणाबद्दल एक शब्द नाही. असं पत्र पाठवणं म्हणजे पुन्हा नकार मागवून घेणं. नकार ज्या वाक्यावर उभा आहे त्या वाक्याला उत्तर द्यायचं असतं, बाकी सगळं फुकट.

मी पैसे दिले नाहीत. ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकला घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलेलंच होतं. त्याने टॉर्च लावून सिलेंडरच्या आत दाखवलं: भिंतीवर, पिस्टनच्या अगदी वर, गंजाचा बारीक गोल पट्टा होता, अखंड, कुठेही ओरखडा नसलेला. तो म्हणाला, "पाणी इथं साचून राहिलंय. पिस्टन नंतर हलला असता तर हा पट्टा पुसला गेला असता." मग पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड काढून सपाट काचेवर ठेवले. चारही सरळ.

याचा अर्थ समजून घ्या, कारण असे बहुतेक वाद याच मुद्द्यावर येऊन अडतात. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर पिस्टन त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि कंपन्या तो मालकाच्या माथी मारतात. उभ्या गाडीत पाणी एअर फिल्टरच्या वाटेने किंवा सायलेन्सरमधून हळूहळू आत जातं, साचतं आणि गंज पकडतो. पहिल्यात मालकाने काहीतरी केलेलं असतं, दुसरं थेट पुराचं नुकसान आहे. ऑइल दुधाळ होणं दोन्हीत दिसतं, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. नुसते रॉड सरळ असणंही पुरेसं नाही, कारण स्टार्टर थोडासा फिरून अडकला तर रॉड वाचू शकतात. रॉड सरळ आणि गंजाचा पट्टा अखंड, हे दोन्ही एकत्र दाखवायचं. त्या सगळ्याचे फोटो काढले, आणि सुटे पार्ट वर्कशॉपकडे न ठेवता सहीनिशी ताब्यात घेतले. जुने पार्ट भंगारात गेले की तुमचा पुरावा गेला.

फेरविचाराचं पत्र मीच लिहिलं, त्यातला मुख्य भाग असा:

"आपल्या नकारपत्रातील वाहन सुरू केल्याचे विधान माझे नाही. फॉर्मवरील वर्णनाचे हस्ताक्षर माझे नाही, ते पडताळावे. सोबतच्या फोटोंत कनेक्टिंग रॉड सरळ असून सिलेंडरमधील गंजाचा पट्टा अखंड आहे. पिस्टन हलल्याची खूण आपल्या सर्व्हेयरना कोठे आढळली, हे त्यांच्या अहवालाच्या प्रतीसह लेखी कळवावे. तसेच सीट, वायरिंग व ईसीयू यांचे नुकसान गाडी सुरू केल्याने झाले, असे आपल्या पत्रातही म्हटलेले नाही. इंजिनचा वाद बाजूला ठेवला तरी हा 1,14,700 रुपयांचा भाग नाकारण्याचे कारण द्यावे."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत जास्त चालली. इंजिनच्या नावाखाली अख्खा क्लेम फेटाळतात आणि आपणही इंजिनवरच भांडत बसतो. सोबत वॉचमनने काढलेला, बॉनेटपर्यंत पाणी दाखवणारा व्हिडिओ आणि माझं परतीचं तिकीट जोडलं. व्हिडिओ मूळ फाइलच द्या, फॉरवर्ड केलेला नको, त्यात तारीख-वेळ राहत नाही.

आता अधिकाऱ्यांचं. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. तक्रार निवारण अधिकारी म्हणाले, "फॉर्मवर सही तुमची आहे ना? मग झालं." सही कोऱ्या चौकोनाखाली घेतली होती हे सांगितलं तर उत्तर, "ते तुमचं आणि वर्कशॉपचं." ज्या वर्कशॉपचं नाव कंपनीच्याच यादीत आहे, ज्याच्याकडे गाडी न्या असं कंपनीनेच सांगितलं, त्याच्या कामाची जबाबदारी मात्र माझी! पोलीस ठाण्यात गेलो तर दिवाणी बाब आहे म्हणून तक्रार लिहूनच घेईनात. दुसऱ्याने खोटं विधान भरून माझ्या सहीवर खपवलं, यात दिवाणी काय आहे? शेवटी अर्ज दिला आणि पोच घेतली, ती पत्राला जोडली. तोंडी बोललेलं कुणीही ओळखत नाही, पोच नसलेला कागद हा कागदच नाही. विमा लोकपालाकडे जायचं तरी आधी कंपनीला लेखी अर्ज केलेला असावा लागतो, म्हणून हे पत्र टाळून चालत नाही.

उत्तर आलं. इंजिन सोडून बाकीचा भाग मान्य, घसारा आणि मालकानेच सोसायची सक्तीची कपात वजा जाऊन 81,350 रुपये. सोबत "पूर्ण व अंतिम समाधान" असं छापलेली पावती सहीसाठी. ती तशीच सही करून दिली असती तर इंजिनचे 2,04,000 मागणं फार अवघड झालं असतं. मी "इंजिनबाबतचा दावा कायम ठेवून" असं हाताने लिहून सही केली आणि त्याचा फोटो काढून ठेवला. कंपनीने कुरकुर केली, पण पैसे जमा केले. इंजिनची दुसऱ्या सर्व्हेयरकडून तपासणी बाकी आहे. रॉड माझ्या कपाटात आहेत, आणि वर्कशॉपकडून 12,500 रुपये परत मागणारी नोटीस गेली आहे.