असोसिएटचे हिशोब: ऑडिट झालेले घ्यायचे की व्यवस्थापनाने सही केलेले?

लिस्टेड कंपनीला वर्षाचे ऑडिटेड निकाल ३० मेपर्यंत द्यावेच लागतात. असोसिएटचं ऑडिट मात्र अजून चालू असतं, आणि सीएफओ विचारतो, ‘त्यांच्या व्यवस्थापनाने सही केलेले आकडे चालतील ना?’ दोन्ही पर्याय एकाच उदाहरणावर ताडून पाहू.

समजा, अंधेरीतल्या एका कंपनीने १ एप्रिलला तळोज्याच्या एका रसायन कंपनीचे ३० टक्के शेअर ६० कोटींना घेतले. त्या दिवशी तिची निव्वळ मालमत्ता १२० कोटी होती आणि यंत्रसामग्रीची बाजारकिंमत पुस्तकापेक्षा ३० कोटींनी जास्त होती. म्हणजे १५० कोटींच्या ३० टक्के, ४५ कोटी. उरलेले १५ कोटी गुडविल, पण ते वेगळं दिसत नाही, गुंतवणुकीच्या रकमेतच दडलेलं असतं. सोयीसाठी कर बाजूला ठेवू.

तळोज्याहून आलेला सही केलेला कागद वर्षाचा नफा २० कोटी सांगतो. वाटा ६ कोटी. बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबतं, आणि चूकही इथेच होते. यंत्रांच्या ३० कोटींवर उरलेल्या १० वर्षांचा जादा घसारा दरसाल ३ कोटी, त्यातला आपला वाटा ९० लाख वजा. शिवाय अंधेरीने तळोज्याला विकलेल्या मालापैकी काही तिथल्या गोदामात पडून आहे आणि त्यात १ कोटीचा नफा आहे, त्यातले ३० लाखही वजा. खरा वाटा ४.८० कोटी. वर्षात मिळालेला २ कोटींचा लाभांश उत्पन्नात धरायचा नाही, गुंतवणुकीतून वजा करायचा. शिल्लक ६२.८० कोटी.

आता हे दोन्ही पर्यायांना लावून बघा. घसारा आणि माल या दोन दुरुस्त्या तळोज्याच्या ऑडिटरला दिसतच नाहीत, कारण त्या अंधेरीच्या वहीत होतात. ऑडिट झालेला ताळेबंद हातात आला तरी ते काम तुमच्याच गळ्यात. दोन पर्यायांतला फरक आहे तो फक्त त्या २० कोटींच्या आकड्यापुरता.

तिथे मात्र फरक मोठा आहे. ऑडिट झालेल्या हिशोबावर एसए ६०० नुसार विसंबता येतं. त्या ऑडिटरला तारखा आणि प्रश्नावली आधी पाठवायची, त्याचा अहवाल शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचायचा, त्यात क्वालिफिकेशन असेल तर त्याचा ३० टक्के परिणाम मोजायचा आणि आपल्या अहवालात ‘अन्य बाबी’ खाली त्याच्या ऑडिटचा उल्लेख करायचा. सही केलेल्या आकड्यांवर ‘अन्य बाबी’ खाली लिहायचं वाक्य ठरलेलं आहे: हे हिशोब ऑडिट झालेले नाहीत, पण समूहाच्या दृष्टीने ते मटेरियल नाहीत. मटेरियलिटी ३ कोटी असेल आणि वाटा ४.८० कोटी, तर त्या वाक्याखाली सही करता येत नाही. ‘आमच्या सही केलेल्या आणि ऑडिटेड नफ्यात कधीच फार फरक पडला नाही’ हा युक्तिवाद नेहमी होतो. त्यावरून व्यवस्थापनाचे अंदाज बरे असतात एवढंच कळतं, पुरावा मिळत नाही. अशा वेळी एक तर ऑडिट वेळेत उरकून घ्या, नाहीतर क्वालिफिकेशनची तयारी ठेवा. वाटा ४० लाखांचा असता आणि गुंतवणूकही तशीच किरकोळ असती, तर सही केलेला कागद घ्यायला आमची हरकत नाही.

संयुक्त उपक्रमात ही ओढाताण कमी असते. संयुक्त नियंत्रण असल्याने करारातच हिशोबाच्या तारखा आणि ऑडिटरला भेटण्याचा हक्क लिहून घेता येतो. असोसिएटमध्ये विनवण्या कराव्या लागतात.

इम्पेअरमेंटपासून कुठलाच पर्याय वाचवत नाही. वर्षअखेरीस तळोज्याचा सर्वात मोठा ग्राहक तुटला असं धरा. हे ठोस लक्षण, म्हणजे इंड एएस ३६ ची चाचणी आलीच. गुडविल वेगळं काढून नाही, सगळी ६२.८० कोटींची रक्कम एकच मालमत्ता धरून. व्यवस्थापन फाईलमध्ये लावतं: व्यवसायाचं मूल्य २२० कोटी, ३० टक्के म्हणजे ६६ कोटी, तोटा नाही. पण २२० कोटींत ५० कोटींचं निव्वळ कर्ज वजा झालेलंच नाही. भागधारकांच्या हाती १७० कोटी, आपला वाटा ५१ कोटी, आणि तोटा ११.८० कोटी. फाईल उघडल्यावर डिस्काउंट रेटवर वाद घालण्याआधी हे कर्ज शोधा. रोख प्रवाह कर्ज देणाऱ्यांसकट सगळ्यांचे असतील तर रेटही तसाच हवा, फक्त भागधारकांचा नाही.

एक शेवटची गफलत. स्टँडअलोन पुस्तकात ही गुंतवणूक खरेदीकिमतीला, ६० कोटींना असेल, तर तिथला तोटा ९ कोटी आणि एकत्रित पुस्तकात ११.८०. दोन्ही ठिकाणी एकच आकडा लिहिलेला दिसला, की वर्किंग पेपर परत पाठवा.