मुश्की की तेल्या कुमैत? फोटोवरून घोडीचा रंग ठरवताना

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. हल्ली बऱ्याच सौद्यांची बोलणी त्याआधीच व्हॉट्सअॅपवर सुरू होतात. माझ्या मामेभावाला असेच एका घोडीचे चार फोटो आले. पाठवणारा म्हणत होता मुश्की, म्हणजे पूर्ण काळी. भावाला संशय होता की ही तेल्या कुमैत असावी, म्हणजे इतकी गडद तपकिरी की लांबून काळीच वाटावी. काहींना मुश्कीच हवी असते, तर काही जुनी माणसं काळा घोडा अशुभ मानतात. पण रंग नक्की कळायला हवा हे दोघांनाही पटतं.

पहिला फोटो रात्रीचा, फ्लॅश मारून काढलेला. त्यात घोडी चक्क लालसर दिसत होती. मागे अंधार असला की कॅमेरा चित्र उजळ करायला बघतो, आणि समोरून थेट पडलेला प्रकाश केसांच्या टोकांवरचा तांबूसपणा वर आणतो. उन्हाने टोकं विटलेली असली तर अस्सल काळी घोडीही फ्लॅशमध्ये तांबूस दिसते, म्हणून लाल दिसली एवढ्यावर कुमैत म्हणता येत नाही. शिवाय फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतो. त्यामुळे फोटोत खांदा तपकिरी आणि पुठ्ठा काळा दिसला, तरी अंगावर तसा फरक असेलच असं नाही.

दुसरा गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेला. इथे चूक उलट्या बाजूने होते. उजेड कमी असला की सावलीतला तपकिरी आणि काळा एकमेकांत मिसळतात, आणि फोटोतले दाणे घालवताना मोबाइल उरलासुरला फरकही पुसून टाकतो. या फोटोत घोडी काळीभोर होती, पण तिच्या गळ्यातली पांढरी सुती दोरी पिवळीधमक दिसत होती. आधी दोरी बघा. ती पांढरी दिसत नसेल, तर त्या फोटोतल्या कुठल्याच रंगावर विसंबू नका.

तिसरा नुकतंच धुतल्यावरचा, आणि सर्वांत फसवा मला हाच वाटतो, कारण तो दिसतो सुंदर. कोरड्या केसांवरून बराच प्रकाश विखरून परत येतो. केसांमध्ये पाणी भरलं की हे विखुरणं कमी होतं, प्रकाश आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. म्हणून ओलं अंग गडद दिसतं, तेल लावलेलंही. तेल्या कुमैत धुतल्यावर मुश्की वाटते ती अशी. पांढऱ्या घोड्याच्या बाबतीत मात्र हेच पाणी मदत करतं. केस चिकटून कातडी दिसू लागते: गुलाबी असेल तर नुकरा, काळी-करडी असेल तर वयाने पांढरा झालेला सब्जा.

चौथा फोटो मे महिन्यातला, भर उन्हातला. पाठ आणि मान गंजल्यासारखी तपकिरी. भाऊ म्हणाला, "बघ, कुमैतच!" पण ऊन आणि घाम मुश्कीलाही असंच विटवतात. दिवस मोठे होऊ लागले की घोडा थंडीचे लांब केस टाकतो, आखूड चकचकीत केस येतात आणि तेव्हा तोच घोडा परत गडद होतो. थंडीत मशिनने केस कापले असतील तर अंग उंदरासारखं फिकटही दिसतं. म्हणून फोटो कोणत्या महिन्यातला आणि केस कापले होते का, हे विचारल्याशिवाय रंगाची चर्चाच करू नये.

चारांतून एक निवडायचा झाला तर मी मे महिन्यातला निवडेन, पण त्यात पाठ बघणार नाही. उन्हाने विटलेल्या मुश्कीच्या नाकपुड्यांभोवतीचे बारीक केस साधारणपणे काळेच राहतात. तेल्या कुमैतला तिथे, डोळ्यांभोवती आणि जांघेच्या मऊ भागात तपकिरी छटा सापडते. आम्ही फोटो मोठा केला, तर थूथनापाशी चित्र फुटून गेलेलं; काहीच कळेना.

मग पाचवा फोटो मागवला. अंग कोरडं, तेल नाही, सकाळी नऊ-दहाची वेळ, घोडी झाडाच्या डागाळ सावलीत नाही तर भिंतीच्या सलग सावलीत, फ्लॅश बंद, थूथनाजवळ कोरा पांढरा कागद धरलेला. सोबत जांघेचा जवळून एक. कागद पांढरा दिसत होता, आणि नाकपुडीच्या कडेला गुळाच्या रंगाची पट्टी स्पष्ट होती. जांघेतही तीच छटा. भावाने तिला तेल्या कुमैत धरून बोलणी केली.

ही पट्टी अगदी पुसट असेल, तर फोटोचा उपयोग तिथे संपतो. आयाळीचे केस मुळासकट उपटून जनुकीय तपासणीला द्यावेत. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींवरून काळा की कुमैत हे कळतं, मग केस विटलेले असोत की ओले.