फोटोतलं मडकं तेच राहावं म्हणून: कापून ठेवायचं, दाखवायचं की शिकवायचं?

समोर एक मडकं आहे. उंची २५ सेंटिमीटर, गळा किंचित उजवीकडे कललेला, काठावर अंगठ्याचा दाब, पोटावर डावीकडे भट्टीत पडलेला काळा डाग. ऑनलाइन विकायचंय आणि फोटोत मागे सारवलेला ओटा, सकाळचं ऊन हवंय. ओटा एआयकडून काढून घेता येतो. प्रश्न मडक्याचा आहे, कारण मॉडेलच्या हातात दिलं की ते ‘सुधारतं’. गळा सरळ होतो, डाग पुसट होतो आणि साच्यातून काढल्यासारखं भांडं समोर येतं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मडक्याचा फोटो संदर्भ म्हणून दाखवायचा आणि ‘हे ओट्यावर ठेव’ म्हणायचं. मिनिटात चित्र मिळतं, कोनही बदलता येतो. पण आयपी-अ‍ॅडॅप्टरसारख्या साधनाचं उदाहरण घ्या. त्याच्या नेहमीच्या प्रकारात संदर्भाचा फोटो आधी २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणला जातो. त्यात मडकं २०० पिक्सेल उंच धरलं, तर एक मिलिमीटरच्या रेघेला एक पिक्सेलही मिळत नाही. चाकावर उठलेल्या बोटांच्या रेघा मॉडेलने पाहिलेल्याच नसतात, ते आपल्या मनाने नव्या काढतं. अलीकडची, सूचनेवरून फोटो बदलणारी मॉडेल्स यात बरीच पुढे आहेत, तरी मडकं तीही नव्यानेच रंगवतात. सणाच्या शुभेच्छांच्या चित्राला हे चालेल. विक्रीच्या फोटोला मी वापरणार नाही.

दुसरा मार्ग मॉडेलला हेच मडकं शिकवण्याचा. २०२२ सालच्या ड्रीमबूथ पद्धतीत तीन ते पाच फोटोंवर काम भागतं असं दाखवलं होतं; आता बहुतेक लोक लोरा नावाची छोटी जोडफाइल तयार करतात आणि फोटो जास्त घेतात. आकार संदर्भापेक्षा चांगला धरला जातो, मडकं आडवं, तिरकं, पाणी ओतताना असं हवं तसं मिळतं. एक खोड मात्र आहे: सगळे फोटो एकाच पडवीत काढले असतील तर मॉडेल पडवीही शिकतं, मग ओटा मागितला तरी मागे तीच फरशी डोकावते. शिवाय हाताने घडवलेलं मडकं एकच असतं. ते विकलं गेलं की शिकवणीची मेहनतही त्याच्याबरोबर गेली. दुकानात कायम राहणाऱ्या एखाद्या खास नगासाठी एवढा खटाटोप परवडतो.

तिसऱ्या मार्गात मडक्याला मॉडेलचा हातच लागू द्यायचा नाही. फोटोतलं मडकं मास्कने झाकायचं आणि फक्त भोवतालचं भरून घ्यायचं. माझा कौल याला.

मेहनत फोटो काढतानाच जास्त. दीड-दोन मीटर लांबून, फोनच्या दुप्पट झूमवर काढा, जवळून काढलं की पोट फुगतं. ऊन डावीकडून हवं असेल तर खिडकीही डावीकडेच हवी. चुकली तर फोटो आरशासारखा उलटवायचा मोह होतो, पण मग काळा डाग उजवीकडे जातो आणि ते दुसरंच मडकं होतं. कॅमेऱ्याची उंचीही लक्षात ठेवा: वरून काढलेल्या मडक्याचं तोंड लंबगोल दिसतं आणि ओटा समोरून आला तर ते हवेत तरंगतं.

मास्क दोन पिक्सेल आत घ्या, नाहीतर कडेला जुन्या भिंतीची पांढरी रेघ राहते. चित्र तयार झालं की मूळ मडकं त्याच जागी पुन्हा चिकटवा. ही पायरी लोक गाळतात. झाकलेला भागही मॉडेलमधून जाऊन येतो, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये तिथे चित्र दर बाजूला आठपट आक्रसतं. १०२४ पिक्सेलच्या चित्रात मडकं ७०० पिक्सेल उंच असेल तर मिलिमीटरभर रेघ जेमतेम तीन पिक्सेलची. ती बाहेर येते तेव्हा थोडी विरलेली असते.

आता तपासणी. फोटो एडिटरमध्ये मूळ फोटो वरच्या थरात ठेवून Difference मोड लावा; दोन थरांत फरक नसेल तिथे तो काळं दाखवतो. मडक्याची जागा पूर्ण काळी दिसली पाहिजे. मग बाह्यरेषा पाहा, कारण मॉडेलला मडकं मास्कबाहेर वाढवायची सवय असते: काठ रुंदावतो, कधी बुडाला बैठक फुटते. असं झालं तर चित्र टाकून द्या, पुन्हा काढा. बुडाखालची सावलीही पाहा. जिथे माती ओट्याला टेकते तिथे सावली सर्वांत गडद हवी. नसेल तर हाताने रंगवा.

प्रकाश तरीही जुळत नसेल तर आयसी-लाइटसारखं साधन मडक्यावर नवं ऊन पाडतं, पण पोत बिघडवतं. त्यावर उतारा आहे: मूळ फोटोतून त्याचीच धूसर प्रत वजा करा, उरते ती फक्त बारीक खरखर. नव्या उन्हाचं मडकं तेवढंच धूसर करून ही खरखर त्यावर मिळवा. रेघा परत येतात, पण रंग मात्र नव्या उन्हाचाच राहतो. म्हणून अशा फोटोशेजारी पांढऱ्या भिंतीपुढचा मूळ फोटोही टाका, गिऱ्हाईक मातीचा खरा रंग त्यातच बघतं.