क्लाउड क्रेडिटचं पत्र: वापरकर्त्यांची वाढ सांगावी की कामाचा हिशेब?

क्लाउड कंपन्या स्टार्टअपना आपल्या सेवांच्या बिलातून वळती होणारी रक्कम देतात, तिला क्रेडिट म्हणतात. ते मागणारं पत्र दोन पद्धतींनी लिहिलं जातं. एकात वापरकर्ते मोजतात: आज ३००० आहेत, वर्षभरात ३०,००० होतील, म्हणून अमुक एवढं क्रेडिट हवं. दुसऱ्यात काम मोजतात: एका एककाला किती यंत्र-तास लागतात, किती जीबी साठतात, किती जीबी बाहेर जातात आणि दर महिन्याला अशी किती एककं होणार. दोन्ही पद्धतींनी क्रेडिट मिळतं. कोणती कुणाला सोयीची, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, उत्पादन रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचं आहे. शिक्षक व्हिडिओ चढवतात, तो तीन दर्जांमध्ये रूपांतरित होतो आणि विद्यार्थी तो पाहतात. पहिल्या पद्धतीचं पत्र साधारण असं असतं:

«आमचे ३००० विद्यार्थी आहेत. येत्या १२ महिन्यांत ही संख्या दहापट होईल. त्यासाठी संगणनशक्ती, साठवण आणि डेटाबेस लागेल. आम्हाला १,००,००० डॉलरचं क्रेडिट मिळावं.»

हे तासाभरात लिहून होतं, आणि गुंतवणूकदारांसमोरच्या सादरीकरणातले आकडेच इथे कामी येतात. छोट्या रकमेसाठी एवढं पुरतंही. अमेझॉनच्या स्टार्टअप योजनेत, म्हणजे एडब्ल्यूएस अ‍ॅक्टिव्हेटमध्ये बाहेरची गुंतवणूक नसलेल्या कंपनीसाठीचा टप्पा १००० डॉलरचा राहिला आहे. तेवढ्यासाठी तक्ते मांडत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या रकमेला मात्र परतीचा प्रश्न हमखास येतो: कोणत्या सेवा वापरणार आणि महिन्याला किती खर्च होणार? इथे «दहापट» हा आकडा कामाचा राहत नाही, कारण खर्चातला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने वाढतो.

दुसऱ्या पद्धतीत एक तासाचं व्याख्यान हे एकक धरायचं. मूळ फाइल साधारण २ जीबीची. तिची २.५, १.२ आणि ०.७ मेगाबिट प्रति सेकंद अशी तीन रूपं केली की आणखी २ जीबी, म्हणजे साठवण ४ जीबी. ८ व्हीसीपीयूच्या यंत्राला या रूपांतरासाठी ४० मिनिटं लागतात असं धरू. खरा आकडा स्वतःच्या दहा फाइली चालवून काढावा. एक तास मधल्या दर्जात पाहिला तर सुमारे ०.५४ जीबी बाहेर जातो. आता महिना मांडू. नवी व्याख्यानं ४०० तास, दर महिन्याला तेवढीच. चाचणी गटात प्रत्येक विद्यार्थी महिन्याला ४ तास पाहतो, म्हणजे ३००० विद्यार्थ्यांचे पहिल्या महिन्यात १२,००० तास. करार झालेल्या संस्थांच्या वेळापत्रकानुसार पाहण्याचे तास महिन्याला १० टक्क्यांनी वाढतील.

बाहेर जाणाऱ्या डेटाला प्रति जीबी ८ सेंट आणि साठवणीला महिन्याला २.३ सेंट धरले, तर वर्षाचा हिशेब असा येतो: बाहेर जाणारा डेटा सुमारे ११,१०० डॉलर, साठवण २,९००, रूपांतर १,१०० आणि सर्व्हर-डेटाबेसचा कायमचा खर्च महिना ३०० प्रमाणे ३,६००. एकूण साधारण १८,७०० डॉलर.

यात दोन गोष्टी दिसतात, ज्या पहिल्या पत्रात दिसू शकत नाहीत. रूपांतराचा खर्च विद्यार्थी वाढले तरी जागेवरच राहतो, कारण तो चढवलेल्या तासांवर अवलंबून असतो. आणि विद्यार्थ्यांची वाढ शून्य असली तरी साठवण चढत जाते: पहिल्या महिन्यात १.६ टीबी, बाराव्यात १९.२ टीबी. छाननी करणाऱ्याला नेमकं हेच पाहायचं असतं, की अर्जदाराला आपल्या बिलातला कोणता भाग कशामुळे वाढतो हे कळतं का.

पत्रात तक्त्याखाली एवढं पुरे:

«पहिल्या महिन्याचा अंदाज ९५० डॉलर, बाराव्याचा २,३०० डॉलर. वाढीतला मोठा भाग बाहेर जाणाऱ्या डेटाचा आहे. आम्ही २०,००० डॉलर मागत आहोत. विद्यार्थ्यांसाठी सेवा उघडण्याच्या महिन्यापासून क्रेडिट सुरू व्हावं, ही विनंती.»

ते शेवटचं वाक्यच मला दुसऱ्या पद्धतीकडे घेऊन गेलं. क्रेडिटला मुदत असते, बहुतेक योजनांत एक किंवा दोन वर्षं, आणि न वापरलेली रक्कम मुदत संपली की जाते. पहिल्या पत्रात महिनेच नसतात, त्यामुळे मंजुरी आली त्याच दिवशी क्रेडिट खात्यात घेतलं जातं. सेवा उघडायला तीन महिने असतील तर त्या काळात कायमचा खर्च तेवढा भागतो, म्हणजे ९०० डॉलर. बदल्यात वर्षाच्या टोकाचे तीन महिने क्रेडिटबाहेर पडतात. वरच्या हिशेबात दहावा, अकरावा आणि बारावा महिना मिळून सुमारे ६,४०० डॉलर होतात, वर्षाच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. रक्कम कितीही मोठी मंजूर झाली तरी हे नुकसान तसंच राहतं, कारण कमी पडलेली असते ती मुदत. माझ्या अनुभवात मोठा आकडा मागणाऱ्यांचं क्रेडिट संपत नाही, ते वाया जातं.

गूगलच्या स्टार्टअप योजनेच्या वरच्या टप्प्याची रचना पाहिली की महिन्यांचा रकाना आणखी महत्त्वाचा वाटतो. तिथे पहिल्या वर्षी वापराचा पूर्ण खर्च १,००,००० डॉलरपर्यंत भागतो, दुसऱ्या वर्षी मात्र वापराच्या २० टक्केच. वापराची वाढ दुसऱ्या वर्षात असेल तर कागदावर मोठी दिसणारी रक्कम हातात कमी येते.

दुसऱ्या पद्धतीची अडचणही सांगायला हवी. चाचणी गट नसेल तर तिचे आकडे कल्पनेतलेच राहतात, आणि एक आकडा चुकला तर सगळा हिशेब हलतो. इथे तो आकडा म्हणजे पाहण्याचा दर्जा. विद्यार्थी २.५ मेगाबिटवर पाहायला लागले तर तासाला १.१ जीबीहून थोडं जास्त जातं, म्हणजे सर्वांत मोठा खर्च दुप्पट. म्हणून चाचणीत कोणता दर्जा किती वेळ चालला याची नोंद ठेवावी आणि पत्रात तो आकडा गृहीतक म्हणून उघड लिहावा. खर्चात दिसणाऱ्या पण क्रेडिटमध्ये न बसणाऱ्या बाबी, जसं डोमेन नोंदणी किंवा मार्केटप्लेसमधली इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरं, तक्त्यातून आधीच वगळाव्यात. त्यांना अनेकदा क्रेडिट लागूच होत नाही आणि बिल कार्डावर येतं.

अजून काहीच चालू नसेल आणि हजार-दोन हजार डॉलरवर भागत असेल, तर पहिलं पत्र पाठवायला हरकत नसावी. चाचणीचा महिनाभराचा डेटा हाती असेल, तर दुसऱ्यासाठी दोन दिवस काढावेत असं मला वाटतं. क्रेडिट मंजूर झाल्यावर ते खात्यात घेण्याची शेवटची तारीख पत्रातच विचारून घ्यावी, म्हणजे पहिला महिना कोणता धरायचा हे ठरवता येतं.